रस्ता विचारायला काय जातं?



परिसर अभ्यासात आपण मुलांना दिशा शिकवतो, नकाशा शिकवतो, सूचीतली चिन्हं पाठ करून घेतो. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात उत्तरेला, हे तर पहिलीचं पोरगंही सांगतं. पण वाट चुकल्यावर माणसानं काय करायचं, हे आपल्या कुठल्याच पाठात नाही. मीही नोकरीला लागल्यापासून कधी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर मी या विषयावर वाचायला, आणि वर्गात करून बघायला लागले. आजचा लेख त्यावर आहे. थोडा लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी प्रसंग सांगते.

माझे थोरले मामा वारले. आईचे सख्खे भाऊ. मळा खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडं. पहाटे फोन आला, माती अकरा वाजता ठरली होती. सुदैवानं ताई आणि दाजी पुण्याहून आदल्या दिवशीच कुंडलला आले होते, त्यामुळं गाडीची सोय होती. दाजी गाडी चालवायला, पुढं आई, मागं ताई आणि मी, असे आम्ही आठ वाजता निघालो. साडेनऊपर्यंत आरामात पोचायला हवं होतं.

मामांच्या मळ्याला जायची खूण म्हणजे हायवेच्या कडेचं मोठं लिंबाचं झाड. झाडापासून डावीकडं वळायचं, पुढं एक मारुतीचं देऊळ, देवळापासून उजव्या हाताच्या पाणंदीनं दीड किलोमीटर. दाजींना हे पाठ होतं. दहा वर्षं ते येत होते. पण मधल्या काळात रस्ता रुंद झाला आणि झाड गेलं. आम्ही तो फाटा मागं टाकून पुढं गेलो, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सव्वानऊच्या सुमाराला दाजी म्हणाले, "झाड यायला पाहिजे होतं आता." ताई म्हणाली, "विचारू या की कुणाला तरी." दाजी म्हणाले, "मला माहितीये गं. पुढं आहे." चार-पाच किलोमीटर पुढं गेल्यावर डावीकडं एक फाटा दिसला. तिथं झाड नव्हतं, पण वळण तसंच होतं. वळलो. पुढं देऊळही आलं! मारुतीचंच. पण आपल्या देवळाला सभामंडप नव्हता, याला होता. आपलं पांढरं होतं, हे भगवं. दाजी म्हणाले, "नवीन बांधलेलं दिसतंय. रंगही दिलाय." आम्हालाही ते पटलं. खरं सांगते, मलासुद्धा पटलं.

तिथून पुढचे दोन तास म्हणजे नुसत्या पाणंदी. एका बाजूला द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला डाळिंब, मध्येच टेंभूच्या पाण्याचा कॅनॉल, आणि सगळीकडं सारखंच. मोबाइलवर मामांच्या गावाचं नाव टाकलं तर तो गावठाणाचा रस्ता दाखवायचा. मळा गावठाणापासून चार किलोमीटर लांब, आणि मळ्याला कुठला आलाय पत्ता? या सगळ्यात एक पानटपरी होती. तिच्यासमोरून आम्ही तीन वेळा गेलो. टपरीत एक म्हातारेबाबा बसले होते, डोक्याला पटका. पहिल्या वेळी त्यांनी सहज बघितलं. दुसऱ्या वेळी मान वळवून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. तिसऱ्या वेळी उठून उभे राहिले. दाजींनी गाडीचा वेग वाढवला.

मध्ये दोनदा मळ्यावरून फोन आला. "कुठं हायसा?" दाजी म्हणाले, "आलोच, फाट्यावर आहे." मामेभाऊ म्हणाला, "या मग, थांबतोय आम्ही." दुसऱ्या फोनला पुन्हा, "आलोच, पाच मिनिटं." मंडळी थांबली. अकराचे सव्वाअकरा झाले. ऊन वाढत होतं, लांबलांबची माणसं परत जायची होती. शेवटी त्यांनी उचललं.

चौथ्या वेळी टपरी आली तेव्हा आईनं स्वतः काच खाली केली आणि "थांबवा" म्हणाली. बाबा जवळ आले. आईनं मामांचं नाव घेतलं. ते म्हणाले, "आबांच्या मातीला निघालाय व्हय? मला वाटलंच. सरळ मागं जावा, हायवेला लागा, डाव्या हाताला पेट्रोलपंप लागंल, त्याच्या अलीकडचाच फाटा. दहा-बारा मिनिटं लागत्यात." तेव्हा अकरा चाळीस झाले होते. बारा मिनिटांनी आम्ही मळ्यात पोचलो. माणसं परत येत होती. आईला भावाचं तोंड बघायला मिळालं नाही.

आई त्यावर दाजींना एक शब्द बोलली नाही. आजही नाही. जावयाला कोण बोलतं?

---

आता विषयाकडं येऊ. सव्वानऊला गाडी थांबवून विचारलं असतं तर एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट वाचवायला दोन तास पंचवीस मिनिटं गेली. दाजी शिकलेले, समजूतदार, चांगल्या नोकरीत आहेत. मग असं का?

यावर सगळ्यांकडं तयार उत्तर असतं, 'पुरुषांचा इगो'. हा विनोद देशोदेशी चालतो, व्हॉट्सॲपवर तर रोज येतो. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण एवढ्यावर थांबलं तर काही कळत नाही, कारण हेच दाजी दिल्लीला किंवा हैदराबादला गेले की रिक्षावाल्याला, पोलिसाला, दुकानदाराला धडाधड विचारतात. मी स्वतः बघितलंय. आणि मी बाई असून मागं एका प्रशिक्षणाला हॉल सापडेना म्हणून वीस मिनिटं त्याच इमारतीला फेऱ्या मारल्या होत्या. का, तर तिथं मागच्या वर्षीही प्रशिक्षण झालं होतं आणि मी हजर होते. 'गेल्या वर्षी येऊन गेलात ना मॅडम?' हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

मला वाटतं खरी गोम इथंच आहे. अनोळखी ठिकाणी विचारायला माणूस लाजत नाही. जिथला रस्ता आपल्याला माहीत असायलाच हवा, असं आपण किंवा लोक धरून चालतो, तिथंच विचारणं जड जातं. दिल्लीत रस्ता विचारला तर मी पाहुणा आहे एवढंच कळतं, आणि तो मी असतोच. पण सासरवाडीच्या भागात विचारलं तर 'दहा वर्षांचा जावई आणि अजून मळा माहीत नाही' असा त्याचा अर्थ होतो.

त्यात आपल्या खेड्यात रस्ता विचारणं हा निनावी व्यवहार नाही. शहरात "स्टेशन कुठं?" म्हटलं की समोरचा हात दाखवतो, संपलं. आपल्याकडं काच खाली केली की पहिला प्रश्न येतो, "कुणाकडं जायचंय?" नाव सांगितलं की दुसरा, "तुम्ही त्यांचं कोण?" मग "कुठनं आला? कुणाचं पावणं?" यात वाईट काही नाही. मळ्यांना नंबर नसतात, गल्ल्या नसतात. माणसाच्या नावावरूनच रस्ता सांगता येतो. कुणाच्या विहिरीपासून, कुणाच्या पोल्ट्रीपासून, कुणाच्या जुन्या वाड्याच्या मागून. पण त्यामुळं विचारणाऱ्याला आपली ओळख काढून द्यावी लागते. संध्याकाळपर्यंत ती बातमी मळ्यात पोचते. आबांचा जावई रस्ता हुडकत फिरत होता!

काही महिन्यांनी मी दाजींशी मोकळेपणानं बोलले, तेव्हा तेही हेच म्हणाले. "दहा वर्षं जातोय तिथं. दरवर्षी आबा बागेतली द्राक्षाची पेटी माझ्या गाडीत ठेवायचे. त्यांच्या मातीच्या दिवशी मी टपरीवर विचारू, आबांचा मळा कुठाय म्हणून?"

मला तेव्हा त्यांचा राग यायचा बंद झाला. सगळा नाही, पण बराचसा.

---

मग दोन तास फिरणं कसं परवडतं?

लाजेचा खर्च समजला, पण दोन तासांचा खर्च तर त्याहून मोठा आहे. माणूस तो का सोसतो? मी दाजींना वहीत त्या दिवशीचा रस्ता काढायला लावला आणि प्रत्येक वळणावर तेव्हा मनात काय होतं ते विचारलं. शिक्षकी सवय, दुसरं काय. त्यातून जे दिसलं ते असं.

विचारण्याची किंमत एकरकमी द्यावी लागते, आणि आत्ताच्या आत्ता. चुकण्याची किंमत मात्र हप्त्यानं जाते. त्यांनी 'दोन तास फिरू' असं कधीच ठरवलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक वेळी पाच मिनिटंच ठरवली होती. पुढच्या वळणापर्यंत बघू, त्या विहिरीपर्यंत बघू. पाच मिनिटं विरुद्ध लाज असा तराजू असेल तर पाच मिनिटंच स्वस्त वाटणार. असे पंचवीस-तीस हप्ते झाले की दोन तास होतात, पण तो हिशोब गाडीत बसलेला माणूस करत नाही.

आणि हप्ता भरत गेलं की विचारणं स्वस्त होत नाही, उलट महाग होतं. सव्वानऊला विचारलं असतं तर 'झाड दिसलं नाही, फाटा कुठला' एवढाच प्रश्न होता. कुणीही चुकलं असतं. साडेदहाला विचारायचं म्हणजे सव्वा तास चुकलो हे कबूल करणं. पहिल्या फोननंतर तर 'आलोच' हे खोटं होतं तेही उघडं पडणार. दाजी म्हणाले, "टपरीवाल्यासमोरून दुसऱ्यांदा गेलो ना, तेव्हाच त्याला विचारायचं दार बंद झालं. पहिल्या वेळी विचारलं असतं तर मी वाटसरू होतो, दुसऱ्या वेळी येडा झालो असतो." म्हणजे जो माणूस सगळ्यांत जवळ होता आणि ज्याला रस्ता नक्की माहीत होता, त्यालाच विचारणं सगळ्यांत अवघड होऊन बसलं.

दुसरी गोष्ट त्या भगव्या देवळाची. वाट चुकलेला माणूस डोळे मिटून फिरत नाही. तो खुणा बघत असतो. पण मनात एक नकाशा आधीच पक्का असतो, आणि समोर दिसेल ते तो त्या नकाशात बसवत जातो. देवळाला मंडप आहे? मग नवीन बांधला असेल. रंग वेगळा आहे? दिला असेल. कॅनॉल आपल्या रस्त्यावर नव्हता? नव्यानं काढला असेल. यातलं एकेक कारण अगदी शक्य कोटीतलं आहे, म्हणून फसायला होतं. डोंगरदऱ्यांत नकाशा घेऊन फिरणारे लोक आणि हरवलेल्यांचा शोध घेणारी पथकं या चुकीला चांगली ओळखतात. जमिनीप्रमाणं नकाशा वाचण्याऐवजी नकाशाप्रमाणं जमीन वाकवणं, असं तिचं वर्णन करता येईल.

ओळखायचं कसं? मी मुलांना एक साधी खूण सांगते. 'बदललं असेल' हे वाक्य मोजा. एखादी गोष्ट बदललेली असू शकते. पाठोपाठ दोन गोष्टी बदलल्यात असं म्हणावं लागलं, तर जागा बदललेली नाही, आपण चुकलोय. देवळाचा मंडप आणि देवळाचा रंग, इथंच आमचे दोन झाले होते. तेव्हा वाजले होते साडेनऊ.

---

टपरीच्या तिसऱ्या फेरीला आई पुटपुटली होती, "चकवा लागला का काय." चकवा आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत. रात्री शिवारात माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो, ते चकव्याचं काम. मी वर्गात भुताखेताच्या गोष्टींना थारा देत नाही, पण या समजुतीकडं मी थोडी आदरानं बघायला लागलेय. एक तर माणूस खरंच गोल फिरतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जर्मनीतल्या मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा मार्ग उपग्रहावरून नोंदवला होता. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र गोल फिरली, आपल्याच वाटेला आडवी गेली, आणि ते त्यांना कळलंही नाही. (आम्ही रस्त्यावर होतो, गाडीत होतो, त्यामुळं आमचं कारण हे नव्हे. आमचं कारण भगवं देऊळ.)

दुसरं, चकवा माणसाची अब्रू वाचवतो. चूक माझी नाही, चकव्याची. म्हणून सकाळी घरी आलेला माणूस 'चकवा लागला' असं चारचौघांत सांगू शकतो, लोक हसत नाहीत. आणि त्यावर जुनी माणसं जो उपाय सांगतात, तो तर अगदी शास्त्रशुद्ध म्हणावा असा आहे: आहे तिथं खाली बसायचं, फटफटेपर्यंत हलायचं नाही. दाजींच्या हातात आज चकव्याऐवजी मोबाइल आहे. मोबाइल चुकला म्हणता येतं, पण थांबा असं तो सांगत नाही. तो नवा रस्ता काढून देतो.

नव्या रस्त्यावरून आठवलं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी रात्री मोबाइलच्या नकाशाप्रमाणं जाताना पाण्यात गेली. पूल होता, नकाशात रस्ताही होता, पण तो पूल धरणाच्या पाण्यामुळं वर्षातले काही महिने बुडालेला असतो. दोघं पोहून बाहेर आले, चालवणारा वाचला नाही. पुलाचं हे वेळापत्रक तिथल्या कुणालाही तोंडपाठ असणार. मध्यरात्री विचारायला कुणी भेटलं नसेल, म्हणून त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. मला एवढंच म्हणायचंय की काही माहिती फक्त गावातल्या माणसाकडंच असते: कुठला पूल कधी बुडतो, कुठल्या पाणंदीत उसाची ट्रॉली अडकलीय, कुठलं झाड गेलं.

---

समोरचा काय म्हणेल?

विचारायला न जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे समोरच्याला त्रास होईल, तो झिडकारेल, हसेल, ही भीती. इथं एक गंमतशीर प्रयोग सांगते. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरात फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक या दोघांनी तो केला, २००८ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांना काम दिलं: अनोळखी माणसाला थांबवायचं, व्यायामशाळा सापडत नाही म्हणायचं, आणि 'तिथवर सोबत येता का' असं विचारायचं. नुसता रस्ता विचारणं नव्हे, सोबत चालायला सांगणं! एक जण तयार व्हायला किती जणांना विचारावं लागेल, असा अंदाज आधी घेतला. विद्यार्थी म्हणाले, सरासरी सात. प्रत्यक्षात दोन-तीन जणांतच काम झालं.

अंदाज एवढा का चुकतो? विचारणारा समोरच्याला किती त्रास होईल याचाच विचार करतो. पण ज्याला विचारलं जातं, त्याच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं: तोंडावर नाही कसं म्हणायचं. नाही म्हणणंच त्याला जास्त अवघड जातं. हे न्यूयॉर्कमध्ये, जिथं कुणाला वेळ नाही म्हणतात. आपल्या टपरीवर तर बाबा तिसऱ्या फेरीला उठून उभे राहिले होते. ते हसायला उठले, असं दाजींना वाटलं होतं. मला वाटतं ते सांगायला उठले होते.

पण 'नाही म्हणता येत नाही' याचा एक तोटाही आहे, तो लपवून चालणार नाही. रस्ता माहीत नसलेला माणूससुद्धा 'माहीत नाही' म्हणत नाही. काहीतरी हात दाखवतो. त्यातून आपण विचारायची पद्धत चुकीची असते. "हा रस्ता विट्यालाच जातो ना?" असं विचारलं की दहातले बरेच जण "हो हो, जातो की" म्हणणार. जगातला कुठलाही रस्ता कुठून तरी विट्याला जातोच! प्रश्नात उत्तर घालायचं नाही. "विट्याला कुठनं जायचं?" असं विचारायचं आणि त्यांचा हात आधी कुणीकडं वळतो ते बघायचं. हात पटकन वळला तर माहीत आहे. तोंडानं "असं बघा…" सुरू झालं आणि हात हवेतच राहिला, तर आभार मानून पुढच्याला विचारायचं.

दुसरं, खूण विचारताना चुकीची खूणही विचारून घ्यायची. "पुढं गेलो, चुकलो, तर काय दिसेल?" त्या दिवशी बाबांनी न विचारताच हे सांगितलं होतं. पेट्रोलपंपाच्या अलीकडं, म्हणजे पंप ओलांडला की समजायचं चुकलो. ज्याला खरंच रस्ता माहीत आहे तोच असं सांगू शकतो. आणि "हितंच हाय" याचा अर्थ अर्धा किलोमीटर ते तीन किलोमीटर काहीही असतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. किलोमीटरपेक्षा गाडीनं किती मिनिटं, हे विचारलेलं बरं.

न विचारणंच शहाणपणाचं, अशाही वेळा असतात. रात्री, निर्जन जागी, एकटी बाई असेल तर काच खाली करू नये. पुढं उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोलपंपावर किंवा एसटी स्टँडवर जाऊन विचारावं. ती लाज नव्हे. दोन्हीतला फरक मुलींना समजावून सांगावा लागतो, आणि आपण तो सांगत नाही.

---

हे सगळं वाचल्यावर मी चौथीच्या वर्गात एक खेळ घेतला. सोपा आहे, साहित्य काही लागत नाही. पाच-पाच मुलांचे गट केले, प्रत्येक गटाला गावातलं एक ठिकाण दिलं आणि तिथं पोचण्याचा रस्ता वहीत लिहायला सांगितला. अट एकच, दुसऱ्या गटातल्या कुणालाही विचारायची मुभा आहे, पण विचारलं की फळ्यावर तुमच्या गटाच्या नावापुढं रेघ मारली जाईल. रेघेला गुण नाही, दंडही नाही. नुसती रेघ.

कुंडलचीच, पिढ्यानपिढ्या इथली मुलं रेघ पडू नये म्हणून हटून बसली. एका गटानं चुकीचा रस्ता लिहिला, पण विचारलं नाही. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, आमच्याच गावातलं कसं विचारायचं?" त्याच वर्गात हंगामापुरती आलेली ऊसतोडवाल्यांची दोन मुलं होती, बीडकडची. त्यांनी सात रेघा पाडून घेतल्या आणि सगळ्यांत बरोबर रस्ता लिहिला. एक जण तर विचारताना पुन्हा स्वतः म्हणून दाखवत होता, "म्हणजे पाण्याची टाकी डाव्या हाताला राहील ना?" दर वर्षी नव्या कारखान्याच्या नव्या तळावर उतरणाऱ्या पोराला रस्ता माहीत असायलाच हवा, असं कुणी धरत नाही. त्यामुळं विचारल्यावर त्याचं काही जात नव्हतं.

दोन मुलांवरून नियम काढता येत नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्या आठवड्यात मी अट उलटी केली. विचारणाऱ्या गटाऐवजी सांगणाऱ्या गटापुढं चांदणी काढायला लागले. मग काय, म्होरक्या स्वतः वर्गभर फिरून "तुम्हाला काय विचारायचंय का?" करायला लागला. पण विचारायला तो तरीही गेला नाही. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. तुमच्या शाळेत करून बघा आणि मला सांगा.

त्या दिवशी गाडीत गप्प बसलेल्यांत मीही होते, हे लिहायचं राहिलं. साडेनऊला देवळाचा रंग बघून माझ्या मनात आलं होतं की हे ते नव्हे. मग दाजींनी कारण दिलं आणि मी ते घेतलं. शंका पुन्हा आली तेव्हा मात्र मी बोलले नाही, कारण ते जावई, वयानं मोठे, आणि गाडी त्यांची. ताई दोनदा बोलली, तिला गप्प केलं गेलं. आई बोलली, पण दोन तासांनी. चालवणाऱ्याला विचारायची लाज वाटते हे खरं, पण शेजारी बसलेल्यांना त्याची लाज सांभाळायची असते. त्यामुळं हल्ली आमच्या घरात एक पद्धत पडलीय. लांबच्या प्रवासाला निघताना विचारायचं काम चालवणाऱ्याकडं नसतंच. ते डावीकडं बसलेल्याचं. त्याला शंका आली की गाडी थांबवायची, चालवणाऱ्यानं 'मला माहितीये' म्हणायचं नाही. काच त्याच्या बाजूची, माणूसही बहुतेक वेळा त्याच बाजूला असतो, त्यामुळं सोयीचंही पडतं.

मामांच्या दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी फाटा माहीत होता, पेट्रोलपंपाच्या अलीकडचा. तरी दाजी तो सोडून पुढं गेले आणि गाडी टपरीपाशी नेली. सगळ्यांना चहा सांगितला. बाबांनी ओळखलं, पण काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर दाजींनी विचारलं, "बाबा, ते लिंबाचं झाड नेमकं कुठं होतं?" बाबा आमच्याबरोबर गाडीत बसून फाट्यापर्यंत आले. उतरले आणि डांबराच्या कडेला पांढऱ्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला काठी टेकवली. "हितं होतं. आता ह्या पट्ट्यावर चाक आलं की वळायचं."